स्वखुशीनं गेला, चोरून सीमा ओलांडली, लोकांना फसवलं. तरी तो पीडित कसा?

प्रश्न: "माझा धाकटा भाऊ, वय २४, डिप्लोमा झालेला. ओळखीच्या एजंटनं पावणेदोन लाख घेऊन त्याला थायलंडला डेटा एंट्रीच्या नोकरीला पाठवलं. तिथून रात्री नदी ओलांडून म्यानमारला नेलं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवलं. सात महिन्यांनी सरकारनं परत आणलं. आता दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आली आहे. एजंट म्हणतो, तो स्वखुशीनं गेला, बेकायदा बॉर्डर ओलांडली, तुम्ही तक्रार केलीत तर तोच आत जाईल. आम्ही गप्प बसावं का?" (हातकणंगले तालुका)

ताई, गप्प बसू नका. एजंटचं बोलणं ऐकायला कायद्यासारखं वाटतं, पण त्यानं तीन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारली आहे आणि तुम्ही ती गाठ सोडवू नये यातच त्याचा फायदा आहे. मी बावीस वर्षं कोल्हापुरात फौजदारी कामं करतो. पूर्वी या विषयातल्या माझ्या फाइली लॉजवरच्या छाप्यांच्या आणि ऊसतोड टोळ्यांच्या असायच्या. गेल्या तीन वर्षांत तुमच्या भावासारखी चार पोरं आली. चौघांच्याही घरच्यांना एजंटनं हेच वाक्य ऐकवलं होतं.

आधी शब्दांचा घोळ काढतो, कारण तो पोलिस ठाण्यातही होतो. मराठीत आपण दोन वेगळ्या गुन्ह्यांना एकच शब्द वापरतो, तस्करी. सोन्याची तस्करी, माणसांची तस्करी. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे सीमा, अंधार आणि चोरवाट येते. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाच्या मराठी प्रतीत मात्र 'माणसांचा अपव्यापार' असा शब्द आहे आणि त्याला लागूनच वेठबिगारी. मला तो शब्द आवडतो. त्यात सीमा नाही, व्यापार आहे. माणूस शिरोळहून जयसिंगपूरला नेला तरी अपव्यापार होऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चोरटी ने-आण, हल्ली ज्याला लोक 'डंकी' म्हणतात. तिथे माणूस गिऱ्हाईक असतो. त्याला परदेशात शिरायचं असतं, कागद नसतात, दलाल पैसे घेऊन त्याला पलीकडे सोडतो आणि तिथे त्यांचा व्यवहार संपतो. गुन्हा घडतो तो त्या देशाच्या सीमेविरुद्ध. यावर संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा वेगळा करार आहे, अपव्यापाराचा वेगळा आहे. भारतानं दोन्ही २०११ मध्ये मान्य केले. गंमत म्हणजे या चोरट्या ने-आणीच्या करारातही लिहिलं आहे की ज्याला नेलं, त्याच्यावर केवळ नेला गेला म्हणून त्या कराराखाली खटला भरायचा नाही, भरायचा तो नेणाऱ्यावर. प्रत्येक देशाचा स्वतःचा व्हिसा कायदा मात्र राहतोच, आणि तिथेच पोरं अडकतात.

अपव्यापारात व्यवहार पलीकडे पोचल्यावर संपत नाही, तिथे तो सुरू होतो. आपल्याकडे तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. तुमच्या भावाला १ जुलै २०२४ च्या आधी पाठवलं असेल तर जुनं भादंवि ३७०, मजकूर जवळपास तोच. तपासताना तीन प्रश्न विचारायचे. काय केलं: भरती, वाहतूक, आसरा, दुसऱ्याच्या हवाली करणं किंवा ताब्यात घेणं, यातलं एक जरी असलं तरी पुरे. कशाच्या जोरावर केलं: धमकी, बळ, पळवून नेणं, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष. आणि कशासाठी केलं: शोषणासाठी, ज्यात शारीरिक व लैंगिक शोषण, गुलामी किंवा गुलामीसारखी प्रथा, बळजबरीची चाकरी, अवयव काढणं, आणि नव्या संहितेत भीक मागायला लावणंही धरलं आहे. त्या कलमाखालचं दुसरं स्पष्टीकरण एका ओळीचं आहे: अपव्यापार झाला की नाही हे ठरवताना पीडिताची संमती गैरलागू. 'स्वखुशीनं गेला' या एजंटच्या वाक्याला कायद्यानं तिथेच उत्तर दिलेलं आहे. भावानं कंपनीच्या कागदावर सही केली असेल, तिकीट हसत घेतलं असेल, विमानतळावर व्हिडिओ काढला असेल, तरी त्यानं फरक पडत नाही. कारण त्यानं होकार डेटा एंट्रीला दिला होता.

तुमच्या तालुक्यात हे समजावणं सोपं जातं, कारण उचल कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुकादम हंगामाआधी उचल देतो, मजूर टोळीत येतो, आणि हिशेबाच्या वेळी कळतं की अंगावरची उचल फिटलेलीच नाही. उचल घेणं हा गुन्हा नाही. पण ती फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणं, बायकापोरांना अडकवून ठेवणं, हे झालं की बंधबिगारीचा १९७६ चा कायदा लागू होतो. म्यानमारच्या ज्या बंदिस्त आवारात भावाला कामाला बसवलं, तिथे हेच डॉलरमध्ये चालतं. 'तुला आणायला कंपनीनं इतके डॉलर मोजलेत, फेड आणि जा.' फक्त इथे उचल मजुराच्या हातात कधी पडलेलीच नसते, ती एजंटनं परस्पर खिशात घातलेली असते.

आता भावाचा पासपोर्ट किंवा त्याची झेरॉक्स हातात घ्या. थायलंडचा प्रवेशाचा शिक्का असेल. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल आणि म्यानमारचा शिक्काही नसेल. थायलंडच्या माय सॉतसमोर मोई नावाची नदी आहे, पलीकडे म्यावड्डी. होडीनं पाच-दहा मिनिटांत माणूस पलीकडे जातो आणि कागदावर तो अजून थायलंडमध्येच मुदत उलटून राहिलेला असतो. हाच कोरा भाग दोन तऱ्हांनी वाचता येतो. इमिग्रेशनचा अधिकारी म्हणतो, हा चोरून सीमा ओलांडणारा. मी तपास अधिकाऱ्याला म्हणतो, दोनशे किलोमीटरवर कुणी ओळखीचं नसलेला, त्या भाषेतलं अक्षर न वाचता येणारा हातकणंगल्याचा मुलगा रात्री होडी स्वतः ठरवून गेला का? पासपोर्ट कुणी घेतला होता? होडीचे पैसे कुणी दिले? चोरट्या ने-आणीत पैसे प्रवासी देतो. इथे प्रवाशालाच विकून पैसे घेतले जातात.

१० आणि ११ मार्च २०२५ ला वायुदलाच्या विमानांनी या भागातून ५४९ भारतीय परत आणले गेले, तुमचा भाऊ कदाचित त्यांच्यापैकी किंवा नंतरच्या तुकडीतला असेल. पण विमानातून उतरताना कुणाच्या कपाळावर पीडित किंवा आरोपी असं लिहिलेलं नसतं. ते कागद ठरवतो, आणि बहुतेक वेळा जो कागद आधी तयार होतो तो ठरवतो.

पीडितच आरोपी का होतो याचं कारण पोलिसांचा दुष्टपणा नाही, निदान नेहमी नाही. तपास पैशाच्या मागे चालतो. हैदराबादच्या निवृत्त शिक्षकाचे बारा लाख गेले की त्याची फिर्याद आधी नोंदते. तपास अधिकारी खातं शोधतो, सिम शोधतो, चॅटची आयडी शोधतो. आवाराचा चिनी मालक त्याला दिसत नाही, गावचा एजंटही दिसत नाही. दिसतं ते तुमच्या भावाचं नाव, कारण केवायसी त्याची आहे. त्या शिक्षकाच्या बाजूनं पाहिलं तर तपास अधिकारी चुकीचं काहीच करत नाही. त्याच्या फाइलमध्ये भावाच्या पिंजऱ्याचा एकही कागद नाही, इतकंच.

दुसरं कारण कायद्यातच आहे. पीडिताकडून जबरदस्तीनं करून घेतलेल्या गुन्ह्यासाठी त्याला शिक्षा करू नये, असं थेट सांगणारं कलम आपल्याकडे नाही. जे आहे ते न्याय संहितेचं कलम ३२, जुनं भादंवि ९४. धमकीखाली केलेलं कृत्य गुन्हा नाही, पण धमकी तत्काळ मृत्यूची हवी, आणि खून व देहदंडाचे राज्याविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले. या कलमाखाली १८६० पासून एक लोहार उभा आहे. दरोडेखोरांनी लोहाराला पकडलं, जिवाची धमकी दिली आणि हत्यारं घेऊन एका घराचं दार फोडायला लावलं, तर लोहार निर्दोष. त्याच्याच वरचं स्पष्टीकरण म्हणतं, जो दरोडेखोरांचा धंदा ठाऊक असून आपण होऊन टोळीत सामील झाला, त्याला हा बचाव नाही, मग त्याला नंतर जबरदस्ती झाली तरी. तुमच्या भावाचा सगळा खटला या दोन स्पष्टीकरणांच्या मधल्या जागेत आहे. तो लोहार होता की टोळीत गेला होता?

आणि अडचण 'तत्काळ मृत्यू' या शब्दांत आहे. उपाशी ठेवणं, उन्हात उभं करणं, विजेचा झटका, 'दुसऱ्या कंपनीला विकीन' ही धमकी, हे सगळं भयंकर आहे, पण कलमाच्या अक्षरात बसवायला कठीण जातं. म्हणून मी एकट्या ३२ वर कधी विसंबत नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात मुळात बेइमानीचा हेतू सिद्ध करावा लागतो. कोंडलेल्या, पगार न मिळालेल्या, लुटीतला वाटा न घेतलेल्या माणसाचा तो हेतू होता का, हा प्रश्न तपासाच्या टप्प्यावरच उभा करायचा. खटल्यापर्यंत थांबलात तर तोवर खातं गोठलेलं, नोकरी गेलेली आणि दर महिन्याला परराज्याची तारीख.

(हे फक्त सायबरचं नाही. हायवेवरच्या लॉजवर छापा पडतो तेव्हा तिथे आणलेली बाई १९५६ च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यानुसार पीडित असते. पण त्याच कायद्याचं कलम ८ गिऱ्हाइकाला खुणावणं हा गुन्हा ठरवतं. पंचनाम्यात 'हातवारे करताना मिळून आली' एवढं एक वाक्य आलं की तीच बाई आरोपीच्या रकान्यात जाते. वाक्य कुणी आणि आधी काय लिहिलं, तिथेही तेच.)

आता एक प्रकरण सांगतो, ओळख पटू नये इतका तपशील बदलून. कागलकडचा मुलगा, वायरमनचा कोर्स केलेला. एजंटनं एक लाख साठ हजार घेतले. वर 'पगार जमा करायला लागेल' म्हणून त्याच्या नावानं नवं बँक खातं उघडून पासबुक, एटीएम आणि त्याला जोडलेलं सिम स्वतःकडे ठेवलं. बँकॉकहून गाडीनं माय सॉत, रात्री होडी, पासपोर्ट काढून घेतला. पहिले दहा-बारा दिवस शिकवणी: परदेशातली श्रीमंत मुलगी बनून ओळख कशी वाढवायची, गुंतवणुकीवर कसं आणायचं. रोज सोळा तास. महिन्यानं तो म्हणाला, घरी जायचंय. उत्तर आलं, चार हजार डॉलर. वडिलांनी म्हैस आणि बायकोचे दागिने विकून साडेतीन लाख भरले, तरी सोडलं नाही.

तो परतल्यावर घरचे माझ्याकडे येण्याआधीच ठाण्यात गेले होते. ठाणे अंमलदारानं विचारलं, किती पैसे गेले? त्यांनी आकडा सांगितला. झालं, एफआयआर लिहिली गेली: नोकरीचं आमिष दाखवून एक लाख साठ हजारांची फसवणूक, कलम ३१८(४). एका शब्दानं नदी नाही, आवार नाही, मारहाण नाही. एजंटला आठवड्यात जामीन मिळाला आणि तो पैसे परत द्यायला तयार झाला. वडील खूश. मी त्यांना सांगितलं, फसवणुकीच्या गुन्ह्यात न्यायालयाच्या परवानगीनं तडजोड होते, १४३ मध्ये होत नाही. १४३ मध्ये एका माणसासाठी सात ते दहा वर्षं, एकाहून अधिक माणसं नेली असतील तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप. तो एक लाख साठ हजार तुम्हाला देत नाहीय, स्वतःची दहा वर्षं विकत घेतोय. आणि तुम्ही तडजोड केली की परराज्याच्या फाइलमध्ये तुमचा मुलगा पीडित असल्याचा शेवटचा कागदही बंद होतो.

मग पुरवणी जबाब दिला, तारखेनिशी, बँकॉकपासून परतीपर्यंत. पण प्रकरण फिरलं ते वडिलांच्या साडेतीन लाखांच्या पावतीवर. ते पैसे म्यानमारला गेलेच नव्हते. एजंटनं दिलेल्या क्रमांकावर, आपल्याच जिल्ह्यातल्या एका खात्यात गेले होते आणि ते खातं एजंटच्या मेहुण्याचं निघालं. 'मी फक्त तिकीट काढून दिलं, पुढचं मला माहीत नाही' हा बचाव तिथे संपला. सुटकेचे पैसे जो घेतो, तो ट्रॅव्हल एजंट नसतो. कलम १४३ वाढवलं गेलं.

दरम्यान नोटीस आलीच. त्याच्या त्या 'पगाराच्या' खात्यातून नऊ लाख फिरले होते. आम्ही दोनच गोष्टी समोर ठेवल्या: व्यवहारांच्या तारखा आणि पासपोर्टवरचा थायलंडचा शिक्का. सगळे व्यवहार तो गेल्यानंतरचे. ओटीपी येणारं सिम तर इथे भारतात, एजंटकडे. मोबाईल कंपनीकडून त्या सिमचं लोकेशन मागवा, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला दिला. तिथल्या अधिकाऱ्यानं ते मागवलं आणि आमच्या पोराला साक्षीदार केलं. खातं मोकळं व्हायला पुढचे पाच महिने गेले. त्याच खोलीतला त्याचा दोस्त मात्र आजही आरोपी आहे. त्यानं माणशी हजार डॉलर घेऊन गावाकडची दोन पोरं बोलावली होती. त्यालाही आधी फसवूनच नेलं होतं, त्यालाही मार बसला होता. तरी त्या दोघांसाठी तो स्वतः एजंट झाला. शिक्षा ठरवताना त्याची अवस्था न्यायालयानं पाहावी असं मला वाटतं, पण त्याला निव्वळ पीडित म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून तुमच्या भावाला एकट्याला बसवून विचारा, आईवडिलांसमोर नको. त्यानं कुणाला बोलावलं का? टीम लीडर झाला होता का? कमिशन मिळालं का आणि ते कुठं आहे? खातं, सिम कुणाकडे होतं? काम काय आहे हे त्याला जाण्याआधी ठाऊक होतं का? माझं वर लिहिलेलं सगळं या उत्तरांवर अवलंबून आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर तो लोहार राहत नाही, आणि ते वकिलाला पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

नोटिशीकडे येतो. तिच्यावर कलम शोधा. बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७९ असेल तर ती साक्षीदाराला असते, आणि त्या कलमाखाली लांबच्या ठाण्याला असं बोलावता येत नाही, हद्द स्वतःची किंवा लगतची लागते. ३५(३) असेल तर भाऊ संशयित आहे. घाबरू नका, ही नोटीस अटकेऐवजीच दिलेली असते आणि हजर राहून सहकार्य करणाऱ्याला सहसा अटक करायची नसते. केली तर कारणं लिहावी लागतात. न जाणं ही मात्र सगळ्यांत मोठी चूक. प्रवासाला वेळ हवा असेल तर तसा लेखी ईमेल करून तारीख मागा, पोच जपून ठेवा.

हजर होण्याआधी कोल्हापुरात फिर्याद नोंदवा. भरती इथे झाली, पैसे इथे दिले, म्हणजे गुन्ह्याचा पहिला भाग इथेच घडला. 'प्रकार परदेशातला आहे' हे कारण ऐकून परत फिरू नका. तुमच्या ठाण्यानं टाळाटाळ केली तर जिल्हा पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाकडे जा, त्यांचं काम फक्त लॉजवर छापे घालणं नाही. फिर्यादीची सुरुवात पैशापासून करू नका. पहिल्या परिच्छेदात नदी, पासपोर्ट हिसकावणं, कोंडून ठेवणं आणि विकण्याची भाषा यावी, पैसे नंतर. सोबत एजंटशी झालेलं चॅट जसंच्या तसं, तिकीट, पासपोर्टची पानं, परत आल्यावरचे डॉक्टरांचे कागद. भावानं तिथून चोरून दूतावासाला ईमेल किंवा तुम्हाला लोकेशन पाठवलं असेल तर तो सगळ्यांत भारी पुरावा, कारण तेव्हा त्याच्यावर कुठलाच आरोप नव्हता आणि गोष्ट रचायचं कारणही नव्हतं. फोन फॉरमॅट करू नका, नवा घेतला असेल तर जुना विकू नका. शक्य झालं तर दंडाधिकाऱ्यांसमोर बीएनएसएसच्या कलम १८३ खाली त्याचा जबाब नोंदवून घ्या, पण वकिलाशी बोलल्यावरच. कुणाकुणाला किती लाखांना फसवलं याची यादी त्यानं स्वतः होऊन देण्याची गरज नाही, संविधानाचा अनुच्छेद २०(३) त्यालाही लागू आहे. यूट्यूब चॅनलवाले मुलाखत मागतील. एका पोराच्या मुलाखतीतलं 'माझं टार्गेट कायम पूर्ण व्हायचं' हे वाक्य सरकारी वकिलानं जामिनाच्या वेळी वाचून दाखवलेलं मी ऐकलं आहे.

एजंटकडे परवाना आहे का हे eMigrate पोर्टलवर नावानं शोधता येतं. नसेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याचाही गुन्हा आहे. पण त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंतच, त्यामुळे तेवढंच कलम लावून बोळवण होऊ देऊ नका.

नोटिशीवर १७९ आहे की ३५(३), आणि खात्यातला पहिला संशयास्पद व्यवहार कोणत्या तारखेचा आहे, एवढं पाहून इथे कळवा. नोटिशीचा फोटो टाकू नका, त्यावर गुन्हा नंबर आणि भावाचं पूर्ण नाव असतं.